पाचशे रुपये ‘इज’ की ‘आर’?

नमस्कार मंडळी. आज एका छोट्याशा प्रश्नावर बोलूया, जो इंग्रजी बोलताना आपल्याला ऐन वाक्याच्या मध्ये अडवतो. पाचशे रुपये पुरेसे आहेत, हे इंग्रजीत कसं म्हणायचं? फाइव्ह हंड्रेड रुपीज ‘आर’ इनफ, की ‘इज’ इनफ? आपलं डोकं लगेच सांगतं, रुपये अनेक, मागे ‘आहेत’, मग ‘आर’ लावा. शाळेत पण तेच घोकून घेतलेलं असतं ना, अनेकवचनाला ‘आर’, विषय संपला.

पण इंग्रजीत इथे ‘इज’ येतं. फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ. कारण बोलणारा एकेक रुपया मोजत नसतो, त्याच्या मनात पाचशे हा एक अख्खा आकडा असतो, एक रक्कम. अंतराचंही तसंच. टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक, म्हणजे दहा किलोमीटर हे चालायला बरंच अंतर आहे. दहा वेगवेगळे तुकडे कुणाच्या डोळ्यासमोर नसतात, इथून तिथपर्यंतचा एकच पल्ला असतो.

आता गंमत बघा, मी आत्ता मराठीत काय म्हटलं? दहा किलोमीटर ‘हे’ अंतर ‘आहे’. म्हणजे आपण पण हेच करतो की! पाचशे रुपये ही काही लहान रक्कम नाही, असं आपण सर्रास बोलतो आणि तिथे ‘ही’ आणि ‘नाही’ दोन्ही एकवचनी असतात, कारण ते ‘रक्कम’ या शब्दामागे जातात. फरक एवढाच की ‘रक्कम’ किंवा ‘अंतर’ हा शब्द आपल्याला उघड बोलावा लागतो, आणि इंग्रजीवाले तो मनातल्या मनात धरून चालतात. म्हणून अडलात की मनात ‘ही रक्कम’ किंवा ‘हे अंतर’ घालून बघा, अर्थ नीट बसला तर बिनधास्त ‘इज’ लावा.

दुसरी खूण इंग्रजीतच सापडते. पुढचा प्रश्न काय येतो ते ऐका. फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ, इझन्ट इट? तिथे कुणी ‘आरन्ट दे’ म्हणत नाही, अख्ख्या रकमेसाठी ‘इट’ येतं. आणि अजून दहा किलोमीटर म्हणायचं असेल तर ‘अनदर टेन किलोमीटर्स’ म्हणतात. ‘अनदर’ हा शब्द एरवी एकाच वस्तूला लागतो, अनदर बुक, अनदर चेअर, आणि इथे तो आरामात दहा किलोमीटरला चिकटलाय. मला तर हा पुरावा नियमापेक्षा जास्त पटतो.

पण म्हणून सगळीकडे डोळे मिटून ‘इज’ लावलंत तर फसाल. समजा तुम्ही मित्राला प्रवासाबद्दल सांगताय. चाळीस किलोमीटर लांब आहे, पाचशे रुपये पुरणार नाहीत, आणि तू दिलेल्या नोटा फाटक्या आहेत. पहिलं वाक्य, फॉर्टी किलोमीटर्स इज अ लाँग वे. दुसरं, फाइव्ह हंड्रेड रुपीज इज नॉट इनफ. आणि तिसरं? द नोट्स आर टॉर्न. इथे आपण रकमेबद्दल बोलत नाही, हातात धरता येतील अशा कागदांबद्दल बोलतोय, एक फाटकी, दुसरी पण फाटकी, त्यामुळे ‘आर’. पैसे तेच, पण बघणं बदललं की क्रियापद बदललं.

अंतरातही असं होतं. धावून आलेला माणूस म्हणतो, द लास्ट टू किलोमीटर्स वेअर टेरिबल. शेवटचे दोन किलोमीटर त्याने एकेक करून सोसलेत, म्हणून तिथे अनेकवचनी ‘वेअर’ अगदी सहज येतं. पण तोच म्हणाला की दोन किलोमीटर म्हणजे काहीच नाही, तर टू किलोमीटर्स इज नथिंग.

आणखी एक जागा, जिथे चांगले चांगले घसरतात. ‘हजारो रुपये खर्च झाले’ याचं इंग्रजी थाउजंड्स ऑफ रुपीज वेअर स्पेंट असं होतं. इथे पक्का आकडाच नाही, नुसता ढीग आहे, म्हणून एक रक्कम असं धरायला काही हाताला लागत नाही आणि अनेकवचन राहतं. आणि ‘तू दिलेले ते पाचशे रुपये कुठायत’ असं विचारताना ‘व्हेअर इज’ आणि ‘व्हेअर आर’ दोन्ही ऐकायला मिळतं, कारण तिथे रक्कम पण डोक्यात असते आणि खिशातल्या नोटा पण, त्यामुळे त्यावरून कुणी तुमची चूक काढायला लागलं तर खुशाल वाद घाला.