आधी जेवा, मग ईमेल लिहा

(रत्नागिरीत तरुण डिझायनरांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

विषय तुम्हाला ठाऊक आहे. तीन-चार हॉटेलं चालवणारा एखादा मालक आहे, तुम्ही एकट्याने काम करणारे डिझायनर आहात, आणि त्याला तुमच्या कामाची ओळख करून देणारा ईमेल लिहायचा आहे. तो ओळ न् ओळ कसा लिहायचा हे मी सांगणार आहे. पण त्याआधी मेनूकार्डाबद्दल बोलू द्या, कारण ते कळल्याशिवाय त्या ईमेलमध्ये लिहिण्यासारखं काही तुमच्याकडे नसतंच, असं माझं ठाम मत आहे.

एका मालकांची तीन हॉटेलं आहेत. एक दापोलीजवळ, एक गणपतीपुळ्याला आणि एक चिपळूणला हायवेवर. नाव एक, पाटी एक, आणि मेनूकार्डही एकच. ते कार्ड जाड आर्ट कार्डवर छापलेलं, वर चकचकीत लॅमिनेशन. आपल्याकडच्या दमट हवेत लॅमिनेशन आधी कापलेल्या कडेला सुटतं, मग त्यात सोलकढी शिरते, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर कार्डाच्या कडा फुगलेल्या दिसतात. कडेला प्लास्टिक कागदाच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर सोडून पाऊच लॅमिनेशन केलं तर पाणी आत जात नाही, किंवा मग न फाटणारा सिंथेटिक कागद घ्यायचा. हे आपण ग्राहकाला सांगत नाही. छापखानाही सांगत नाही, कारण पुढच्या वर्षी कार्डं पुन्हा छापायला त्याच्याकडेच येणार असतात. हे जाता जाता.

खरी अडचण मासळीच्या पानावर होती. सुरमई थाळी, बांगडा फ्राय, कोळंबी मसाला, तिसऱ्यांचं सुकं, आणि प्रत्येकासमोर छापलेला आकडा. त्या आकड्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर पेनाने लिहिलेला नवा आकडा, काही ठिकाणी त्यावर आणखी एक पट्टी. गिऱ्हाईक काय करतं? नखाने पट्टी खरवडून खाली किती लिहिलंय ते बघतं. गणपतीपुळ्याच्या हॉटेलात माझ्या शेजारच्या टेबलावर हेच चाललं होतं. खाली साडेतीनशे दिसले, वर साडेचारशे होते, आणि त्या कुटुंबाला वाटलं की पर्यटक बघून भाव वाढवलाय. वेटर सांगत होता, ‘साहेब, आज मासळी महाग आहे.’ तो अगदी खरं सांगत होता. पण कार्डच त्याला खोटं पाडत होतं.

आता हे का होतं ते बघा. दापोलीच्या हॉटेलची मासळी हर्णैच्या लिलावातून येते. गणपतीपुळ्याची बहुतेक इथल्या मिरकरवाडा बंदरातून. चिपळूणला ती बर्फात घालून गाडीने जाते, म्हणजे वाहतूक आणि बर्फ वरून. एकाच सकाळी तीन ठिकाणी सुरमईचा खरेदीचा भाव तीन प्रकारचा असतो. त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी होड्यांना मासेमारी बंदी. त्या काळात मासळी एकतर साठवणीतली, नाहीतर छोट्या पारंपरिक होड्यांची आणि खाडीतली. मग श्रावण लागतो, खाणारेच निम्मे होतात. पापलेटचं तर विचारूच नका, ते नगाच्या वजनावर जातं. असा सतत हलणारा आकडा आपण वर्षभर टिकणाऱ्या कार्डावर पक्क्या शाईत छापतो, आणि बाजूला कोंबडी-वडे, आमटी-भात, घावणे, सोलकढी, ज्यांचे दर वर्षातून एकदा बदलले तर बदलतात. एकाच पानावर दोन वेगवेगळ्या आयुष्यांचे पदार्थ बसवलेले असतात. मेनूकार्डाच्या डिझाइनचा आपल्या किनाऱ्यावरचा मुख्य प्रश्न हाच आहे. रंग आणि अक्षरं त्यानंतर येतात.

‘मग दर बदलून पुन्हा का छापत नाहीत?’ असं तुम्ही विचाराल. मीही मालकांना विचारलं. फाइल छापखान्यात होती. कोरलमध्ये केलेली, अक्षरं जुन्या डीटीपी फॉन्टची आणि वर सगळ्याचे कर्व्ह करून टाकलेले. म्हणजे ‘सुरमई’ हा शब्द त्या फाइलमध्ये शब्द म्हणून उरलेलाच नव्हता, नुसता आकार होता. तो कुणाला खोडता येत नाही, फोनवर पाठवता येत नाही, शोधता येत नाही. एक दर बदलायचा तर छापखान्यात जा, ऑपरेटरच्या शेजारी बसा, आणि ऑफसेटला कमीत कमी हजार प्रती घ्या. तीन हॉटेलांना मिळून दीडशे कार्डं पुरतात. उरलेली माळ्यावर. त्यापेक्षा पट्टी स्वस्त पडते. पट्टी चिकटवणारा मालक शहाणाच होता, त्याच्या हातात दुसरं काही दिलेलंच नव्हतं. याचा मला मनापासून राग येतो, कारण ते देणं आपलं काम आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्ये ठेवा आणि काम संपलं की बदलता येणारी फाइल मालकाच्या हातात द्या. आपलं गिऱ्हाईक फाइल अडकवून टिकवायचं नसतं.

अजून एक गोष्ट, तीही याच पट्टीची. दोन वर्षांपूर्वी कुणा पर्यटकाने त्या कार्डाचा फोटो गुगल मॅप्सवर टाकला. तो तिथेच आहे. गिऱ्हाईक घरून निघतानाच जुना दर बघून येतं. दुसऱ्याने टाकलेला फोटो केवळ जुना झाला म्हणून मालकाला काढता येत नाही. नवे फोटो टाकता येतात, आणि कार्डावर ‘हे दर अमुक महिन्यापासून’ अशी एक ओळ छापता येते, म्हणजे पुढच्या प्रत्येक फोटोत तारीख आपोआप जाते. एवढीशी ओळ, पण काउंटरवरची भांडणं कमी करते.

वेळेची चिठ्ठी आली आहे. तर ईमेल.

आपल्यातले बहुतेक जण काय पाठवतात? विषयाच्या ओळीत ‘डिझाइन सेवांची ओळख’. आत लोगो, ब्रोशर, पॅकेजिंग, सोशल मीडिया, वेबसाइट अशी यादी, सोबत वीस एमबीचा पोर्टफोलिओ. हर्णैच्या बाजारात फोनला रेंज शोधत उभा असलेला माणूस वीस एमबी उतरवून घेत नाही. हाच मजकूर चाळीस हॉटेलांना एकदम पाठवला असेल तर तो स्पॅममध्ये जाण्याची शक्यता मोठी. त्या यादीतून मालकाला आपलं काही कळत नाही, आणि तुम्ही त्याच्या हॉटेलात कधी पाय ठेवला नाही हे मात्र नक्की कळतं.

मी त्या तीन हॉटेलांच्या मालकांना जो ईमेल पाठवला, तो वाचून दाखवते. विषयाची ओळ: ‘तिन्ही हॉटेलांच्या कार्डावरचे मासळीचे दर’. पुढे मजकूर:

‘नमस्कार. मी रत्नागिरीत राहते आणि हॉटेलांची मेनूकार्डं व पाट्या डिझाइन करते. अलीकडेच तुमच्या गणपतीपुळे आणि चिपळूणच्या हॉटेलांत जेवले. तिसऱ्यांचं सुकं फार आवडलं. दोन्हीकडे कार्ड एकच आहे, पण मासळीच्या दरांवर पट्ट्या आहेत आणि त्यांवरचे आकडे वेगवेगळे आहेत. शेजारच्या टेबलावर त्यावरून वाद होताना पाहिला.

‘मासळीचं पान मुख्य कार्डापासून वेगळं करावं असं मला वाटतं. मुख्य कार्ड वर्षभर टिकेल. मासळीचं पान प्रत्येक हॉटेलच्या मॅनेजरला फोनवर भरता येईल आणि काउंटरवरच्या साध्या प्रिंटरवर काढता येईल. जे त्या दिवशी नाही, ते पानावर येणारच नाही. तुमच्याच कार्डाचं एक पान असं करून सोबत जोडलं आहे.

‘तिन्ही हॉटेलांचं मिळून डिझाइनचे १८,००० रुपये, छपाई वेगळी, वेळ तीन आठवडे. काम संपल्यावर बदलता येणाऱ्या फाइली तुमच्याकडे राहतील. बुधवारी दुपारी तीननंतर गणपतीपुळ्याला येऊन नमुना दाखवू शकते. नुसतं “या” कळवलंत तरी चालेल.’

खाली नाव आणि फोन नंबर. बस. जोडलेलं पान एकच, फोनवर लगेच उघडेल इतकं हलकं. ‘तुमचं कार्ड वाईट आहे’ असं कुठेही म्हटलेलं नाही, कारण ते कार्ड बहुधा मालकाच्या भाच्याने किंवा मित्राने केलेलं असतं. पाटीचा उल्लेख एका शब्दापुरता, वेबसाइटचा नाहीच. पाटीचं काम पुढे आपोआप निघतं: मराठी नाव देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नको हा महाराष्ट्रातला नियम २०२२ पासून सगळ्याच दुकानांना लागू आहे, आणि जुन्या पाट्या बदलायच्या राहिलेल्या असतात. पण ते भेटीत बोला, पहिल्या ईमेलमध्ये नको. तसंच पदार्थांच्या कॅलरी छापण्याची सक्ती दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना आहे. तीन हॉटेलांच्या मालकाला तिची भीती घालून काम मिळवू नका.

ईमेलमध्ये आपल्या कामाचा दर लिहायचा की नाही, यावर मगाशी चहाला वाद झाला. मी लिहिते. दर नसला तर मालक ‘बघू’ म्हणतो, आणि ते ‘बघू’ दिवाळीपर्यंत जातं. आकडा दिसला की तो हजार कार्डांच्या छपाईशी तुलना करतो, आणि ती तुलना आपल्या बाजूची असते. मात्र एकच हॉटेल असेल आणि कार्ड घरच्या घरी टाइप केलेलं असेल, तर हा ईमेल पाठवू नका. त्याला काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेले दर पुरतात. तसं सांगून या.

पत्ता कुठला वापरायचा तेही बघा. बिलावर किंवा हॉटेलच्या फेसबुक पानावर जो ईमेल असतो तो पुष्कळदा हिशेबनिसाने नाहीतर ते पान उघडून देणाऱ्या मुलाने केलेला असतो आणि मालक तो उघडत नाही. जेवून उठताना काउंटरवर विचारा, ‘मालक कुठल्या ईमेलवर बघतात?’ लगेच सांगतात. माझ्या ईमेलला उत्तर आलं ते फोनवर, आणि मालकांचा पहिला प्रश्न होता, ‘मॅनेजरला ते पान खरंच भरता येईल?’ मी दापोलीच्या मॅनेजरसमोर बसून भरून दाखवलं, त्यानंतरच ॲडव्हान्सचं बोलणं झालं.

आणि शेवटचं, पाठवायचं कधी. मे महिन्यात नाही, तेव्हा मालक स्वतः टेबलं पुसत असतो. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवा. बंदी सुरू झालेली असते, पर्यटक कमी झालेले असतात, हॉटेलची रंगरंगोटी आणि डागडुजी चाललेली असते, आणि ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात जाईपर्यंत नवं कार्ड टेबलावर ठेवता येतं. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एक फोन करा, दुपारी तीन ते पाचमध्ये, जेवणाची गर्दी ओसरल्यावर. त्यानंतर पुन्हा करू नका. प्रश्न असतील तर मी बाहेर थांबते, दोन्ही कार्डं, जुनं आणि नवं, माझ्या पिशवीत आहेत.