शंभर शर्ट, चार किलो कोळसा

(धुळ्यात लॉन्ड्रीवाल्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इस्त्रीखाली उष्णता नेमकी कशात खर्च होते, हे आधी पाहू. मी एका दुकानात स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसलो होतो. पाणी मारून गुंडाळलेला सुती शर्ट भरला २८० ग्रॅम. इस्त्री झाल्यावर तोच शर्ट २५०. म्हणजे ३० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं. तेवढं पाणी तापवून त्याची वाफ करायला साधारण १८ किलोकॅलरी लागतात. कापड स्वतः तापायला लागतात फक्त सहा-साडेसहा. सारं मिळून साडेचोवीस धरा. आपण समजतो कापड तापवतोय, पण पाऊणभर उष्णता पाणी खातं!

असे शंभर शर्ट म्हणजे दिवसाला २,४५० किलोकॅलरी. विजेच्या भाषेत एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, तेव्हा जेमतेम पावणेतीन युनिटांचं काम. एवढीच खरी गरज.

आता बाभळीचा चांगला कोळसा किलोमागे साधारण ७,००० किलोकॅलरी देतो. त्या दुकानात दिवसाला चार किलो कोळसा जायचा, म्हणजे २८,००० किलोकॅलरी. त्यातली कपड्याला लागली २,४५०. शंभरातले नऊ सुद्धा नाहीत. बाकीची गेली कुठे? सकाळी निखारे फुलवताना अर्धा तास गेला, गिऱ्हाईकाशी बोलताना इस्त्री ठेवणीवर जळत राहिली, उरलेली भोकांतून आणि झाकणातून तुमच्या तोंडावर आली. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा ती कुठे जाते हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच दुकानात पुढे हजार वॅटची वजनदार विजेची इस्त्री आली. तेवढ्याच कपड्यांना मीटरवर सहा युनिटं पडली. थर्मोस्टॅट अधूनमधून वीज तोडतो, म्हणून सात तास चालूनही सातच्या आत. पैशांत मांडू. कोळसा ४५ रुपये किलो धरला तर १८० रुपये. वीज सगळे आकार मिळून १३ रुपये युनिट धरली तर ७८. हे दोन्ही भाव माझे धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या बिलाची एकूण रक्कम युनिटांनी भागा आणि तो आकडा इथे घाला. माझ्या हिशेबात कपड्यामागे १ रुपया ८० पैसे आणि ७८ पैसे. महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेसव्वीसशेचा फरक.

पण इस्त्री बदलली तरी हात जुनाच राहतो. कोळशावर आपण सकाळी निखारा रसरशीत असताना खादीचे सदरे, स्टार्चची धोतरं उरकतो आणि राख धरली की टेरीकॉट घेतो. विजेवर उलटं करायचं. आधी टेरीकॉट, साड्या. मग बटण चढवून सुती. तापलेला जड तवा लवकर निवत नाही. एका पोराने सुती शर्टावरून थेट नायलॉनच्या साडीवर तवा ठेवला, आणि पदर तव्याला चिकटून आला. भरपाई मालकाने दिली.

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय, “लाईट गई ते काय करानं, भाऊ?” रास्त आहे. पण लाईट जाण्याआधीचा त्रास वेगळा, तो व्होल्टेजचा. २३० ऐवजी १९० व्होल्ट आले तर इस्त्रीची ताकद वर्गाच्या प्रमाणात घसरते. हजार वॅटची इस्त्री सातशेच्याही खाली येते. ओळखायचं कसं? थर्मोस्टॅटचा दिवा विझतच नाही, आणि चौथ्या-पाचव्या शर्टाची कॉलर दमट राहते. अशा वेळी जोर लावू नका, वेग कमी करा. खेड्यात संध्याकाळी हे रोजचं असेल, तर जाड कामं सकाळी काढा.

मला विचाराल तर कोळशाची इस्त्री मोडीत घालू नका. ती लाईट गेल्यावर कामाला येते. फक्त कोळसा पावसाळ्यात पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा. ओला कोळसा आधी स्वतःचंच पाणी वाळवत बसतो. आणि थंडीत शटर ओढून कोळशावर काम कधीच नको. त्याच्या विषारी वायूला वास नसतो. डोकं जड झालं, मळमळलं, की आधी बाहेर या.

राहिलं पाणी. दोन्ही इस्त्र्यांना ते सारखंच महाग पडतं. ३० ऐवजी २० ग्रॅमात भागलं तर शर्टामागे सहा किलोकॅलरी वाचतात, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. पाणी अजिबात काढलं तर सुती कापडाची घडी मोडत नाही. म्हणून बारीक फवारा मारा, कपडे घट्ट गुंडाळा आणि अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवा. ओल सगळीकडे सारखी पसरते. ओंजळीने शिंपडलं की एकीकडे थेंब साचतो, एकीकडे कोरडं राहतं, आणि त्या कोरड्या जागेसाठी आपण पुन्हा शिंपडतो.