काळ्या मातीतला खोटा उंचवटा

[दृश्य: सपाट वावर, कपाशीच्या ओळी, कडेने धुऱ्यालगत मांडलेले जिओफोन]

विदर्भातलं हे वावर वरून सपाट आहे. धरून चला, इथून आठ किलोमीटरची भूकंपीय रेषा गेली. कंपन देणारा ट्रक जमीन हलवतो, लहरी खडकांच्या थरांवरून परततात आणि जिओफोन त्यांची वेळ टिपतात. खोली कोणी मोजत नाही, मोजली जाते ती वेळच.

[दृश्य: पडद्यावर छेद, मधोमध घुमट]

त्या वेळांवरून काढलेल्या छेदात, म्हणजे जमिनीखालच्या थरांच्या उभ्या चित्रात, मधोमध घुमट दिसतो, चार-पाच किलोमीटर रुंद. तेल शोधणाऱ्याला हवा असतो तसाच! पण आधी वावराच्या मालकाला विचारू.

"मधल्या पट्ट्यात दहा फुटांवर मुरूम लागते जी. दोन्ही बाजूंच्या विहिरीत चाळीस फूट मातीच माती."

म्हणजे मध्ये तीन मीटर माती, कडेला बारा. सैल मातीत लहरीचा वेग सेकंदाला 600 मीटर, खालच्या पक्क्या थरात 3000 मीटर धरू. कडेची नऊ मीटर जादा माती ओलांडायला 15 मिलिसेकंद लागतात. तेवढंच अंतर पक्क्या थरात 3 मिलिसेकंदांत पार होतं. फरक 12 चा. लहर माती जाताना एकदा, येताना एकदा ओलांडते, म्हणून 24. मधली लहर तेवढी लवकर परतते; पक्क्या थराच्या वेगाने खोली काढली तर मध्ये 36 मीटरचा उंचवटा, खाली थर सपाट असतानाही.

संशय घ्यायची खूण अशी: उथळ थरापासून खोल थरापर्यंत फुगवटा त्याच जागी आणि तितक्याच मिलिसेकंदांचा दिसतो. खरा घुमट सहसा खोलीनुसार बदलतो. पण ही नुसती खूण आहे, पुरावा नव्हे.

संगणकावरची अवशिष्ट स्थैतिक दुरुस्ती इथे कामी येत नाही. ती शेजारशेजारच्या नोंदी एकमेकींशी जुळवते, त्यामुळे अचानक आलेली उडी तिला सापडते. जिओफोनच्या मांडणीहून रुंद, संथ चढउतार तिच्या हातून निसटतो.

[दृश्य: बोअरचं तोंड, शेजारी एक जिओफोन]

म्हणून अपहोल. तीस मीटर बोअर घ्यायचं, त्यात वेगवेगळ्या खोलीवर छोटे स्फोट करायचे आणि तोंडाशी लहर किती वेळात येते ते पाहायचं. कडेच्या बोअरमध्ये 12 मीटरवरून 20 मिलिसेकंद लागले, 27 मीटरवरून फक्त 25. आलेखाची रेघ जिथे मोडते, तिथे माती संपली. अशी बोअरं रेषेवर दर एक-दोन किलोमीटरला हवीत. खर्च वाचवायला नेमकी हीच कमी केली जातात, आणि मग दोन बोअरांमधली माती निव्वळ अंदाजाने भरावी लागते. त्या मधल्या जागी विहीर दिसली, तर मालकाशी दोन शब्द बोलून घ्या.

[दृश्य: तोच छेद, दुरुस्तीनंतर]

मातीचा वेळ वजा केला, त्या जागी पक्क्या थराचा वेळ धरला. घुमट गेला, थर सपाट झाले.