पान्हा कुणाची वाट बघत नाही

मंडळी, माझ्या गोठ्यात आठ संकरित गायी आणि हाताखाली एक गडी. सकाळचं साडेसहाला दुधाची गाडी गावातून निघते, म्हणून साडेचारला शेण ओढायचं, पाचला धारेला बसायचं, असा आमचा नेम.

गेल्या वर्षी नवा गडी आला. हात चांगला, माणूसही प्रामाणिक. पण आठवडाभरातच डेअरीवरचं फॅट ३.७ वरून ३.४ वर आलं आणि बासष्ट लिटरचं दूध अठ्ठावन्नवर. ३.५ च्या खाली दर कापतात. मला आधी वैरणीचा संशय आला, कडबा कुट्टी आणि सरकी पेंड दोन्ही तपासली. काहीच बदललेलं नव्हतं.

मग एके दिवशी पहाटे गोठ्यात उभा राहिलो. गड्यानं आठही गायींची कास एका दमात धुऊन घेतली आणि मग पहिल्या गायीखाली बसला. तिथंच घोळ होता. कास कोमट पाण्यानं धुतली, हात फिरवला की मिनिटाभरात गाय पान्हवते, आणि तो पान्हा पाच-सात मिनिटंच टिकतो. एक गाय पिळायला सात मिनिटं लागतात. आठव्या गायीची पाळी येईपर्यंत पाऊण तास झालेला असतो. ती बिचारी उगाच पान्हवून बसलेली.

खात्री करायला मी धार झाल्यावर शेवटच्या गायीची कास पुन्हा चोळली आणि परत बसलो. सव्वा लिटर निघालं! पहिल्या गायीखाली पावशेरही नाही. सुरुवातीची धार पातळ असते, सगळी साय शेवटच्या धारांत असते. तेच दूध कासेत राहत होतं, म्हणून फॅट पडलं. असं दूध राहिलं की गाय हळूहळू आटते आणि दगडीही लवकर धरते. आमच्या एका गायीच्या सडात धरलीच, काळ्या कापडावर पहिली धार घेतली तर गुठळ्या दिसल्या.

गड्याला रागावलो नाही. गाडी चुकेल म्हणून तो घाई करत होता, आणि शेण, धार, वैरण सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर मीच टाकलं होतं. आता शेण मी ओढतो. तो धारेला बसला की पुढच्या गायीची कास मी धुतो, सड कोरड्या फडक्यानं पुसतो, आणि तो उठतो तोवर ती पान्हवलेली असते. धारेच्या वेळी पुढ्यात फक्त पेंड. वैरण मात्र धार झाल्यावरच, कारण सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो आणि गव्हाणीत चारा असला की गाय तेवढा वेळ उभी राहते, शेणात बसत नाही.

दहा दिवसांत फॅट ३.६ झालं. दगडी झालेल्या गायीचं दूध मात्र औषध चालू होतं तोवर आणि पुढं डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस डेअरीला घातलं नाही. तिला रोज सगळ्यात शेवटी पिळायचो, आणि तिच्यानंतर गडी साबणानं हात धुतो की नाही, ते मी स्वतः बघायचो.