बाजू मोजा, मग पैसे मागा

(साताऱ्यात ग्रंथपाल आणि मठांच्या विश्वस्तांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मठातल्या जुन्या पोथ्यांचे फोटो काढून ते जतन करायला अनुदान मागणारा आमचा पहिला अर्ज नामंजूर झाला. उद्दिष्टांत आम्ही लिहिलं होतं, "सांप्रदायिक वारशाचे जतन." खाली एक आकडा होता: हस्तलिखितं 109. समितीने एकच प्रश्न विचारला, "फोटो किती काढणार?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. 109 पोथ्या म्हणजे काय? चार पत्रांची आरती ही पण एक पोथी आणि चारशे पत्रांचा दासबोध ही पण एकच.

मग आम्ही मठात आठवडाभर बसून मोजलं. 86 सुट्या पत्रांच्या पोथ्या आणि 23 बाडं. बाड म्हणजे वरच्या कडेला शिवलेली, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी वर उलटायची लांबट वही. एकूण 6,000 पत्रं निघाली. पत्राला दोन बाजू, म्हणून 12,000 फोटो. कव्हरं, रुमालावरच्या चिठ्ठ्या आणि हलल्यामुळे पुन्हा काढावे लागणारे फोटो धरून वर दहा टक्के. आकडा आला 13,200. दुसऱ्या अर्जातली प्रत्येक रक्कम या आकड्यातून निघाली.

वेळही मोजून घेतला. धडधाकट कागदाची एक पोथी आणि कसर लागलेलं एक बाड, दोन्हींवर घड्याळ लावलं. पोथीच्या तासाला दीडशे बाजू झाल्या, बाडाच्या जेमतेम चाळीस. बाड सपाट उघडत नाही. दाबलं तर शिवणीशी पान तुटतं, म्हणून खाली उशी देऊन जितकं उघडेल तितकंच उघडायचं. सपाट स्कॅनर इथे वर्ज्य, कॅमेरा वरून टांगायचा. नैवेद्य, आरती, गेलेली वीज हे सगळं वजा जाता दिवसाला सरासरी 300 फोटो धरले. म्हणजे 44 दिवस. त्याआधी मऊ ब्रशने धूळ काढणं आणि पत्रं क्रमाने लावणं, याचे 20. आम्ही आधी एक महिना लिहिला होता!

त्यामुळे शंभरातले साठ रुपये दोन माणसांच्या रोजावर गेले. कॅमेरा भाड्याने घेतला. विश्वस्तांना नवा कॅमेरा हवा असतो, ते मी समजू शकतो. पण 44 दिवसांसाठी तो कशाला विकत घ्यायचा?

एक सावधगिरी. पोथीत चूक झाली की लेखक त्यावर पिवळी हरताळ फासत असे. "हरताळ फासणे" हा शब्दप्रयोग तिथलाच. हरताळात आर्सेनिक असतं. आमच्या मठातले काका बोट जिभेला लावून पान उलटायचे. त्यांना तेवढं सोडायला लावलं.

आता जतनाचा भाग. 24 मेगापिक्सेलचा एक फोटो टिफमध्ये साधारण 72 एमबी होतो. 13,200 फोटोंचे सुमारे 950 जीबी. कॅमेऱ्याची मूळ फाइल धरली तर दीड टीबीच्या आत. म्हणून 2 टीबीच्या तीन डिस्क मागितल्या. एक मठात, एक साताऱ्यातल्या ग्रंथालयात आणि तिसरी कृष्णाकाठापासून दूर. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी कुठपर्यंत आलं होतं ते आठवा. दोन डिस्क एकाच कपाटात ठेवल्या तर ती एकच प्रत समजा.

पण डिस्क शाबूत दिसली तरी आतली फाइल बिघडलेली असू शकते. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक फाइलचा ठसा, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारी अक्षरं-अंकांची ओळ, काढून यादीत ठेवायचा आणि दर सहा महिन्यांनी पडताळायचा:

```
sha256sum *.tif > yadi.txt
sha256sum -c yadi.txt
```

जिथे `FAILED` दिसेल, ती फाइल दुसऱ्या डिस्कवरून घ्यायची. या पडताळणीसाठी पाच वर्षांचं मानधन आणि एकदा डिस्क बदलण्याचा खर्च आम्ही अर्जातच धरला. फाइलला नाव `STR_B07_012_r.tif` असं: सातवं बाड, बारावं पत्र, पुढची बाजू. "दासबोध नवीन फायनल" असलं नाव चालत नाही.

चिकटलेल्या पानांचं काय, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. काजळाच्या शाईत डिंक असतो, तो पावसाळी दमटपणात सुटतो आणि पानं एकमेकांना धरतात. ओढून सोडवलं की अक्षरं समोरच्या पानावर जातात. अर्जात आम्ही सरळ लिहिलं की अशा पानांचे फोटो या टप्प्यात होणार नाहीत, त्यांची यादी होईल. समितीला ते खटकलं नाही, उलट संवर्धकाला दाखवायला दोन दिवसांचे पैसे वाढवून मिळाले. आमच्याकडे अशी 17 पत्रं एकाच बाडात निघाली. त्यांतली 11 संवर्धकाने सोडवली. उरलेली सहा आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून तशीच ठेवली आहेत आणि यादीत त्यांच्यापुढे "फोटो नाही" असं लिहिलं आहे.