तालीम पडली का हो शेवटी?

मंडळी, नमस्कार. साताऱ्याचे डावीकडे, सांगलीचे उजवीकडे असे बसला आहात हे इथून स्पष्ट दिसतंय. भडंगाची परात मात्र मधोमध ठेवली आहे, तेव्हा भांडण नको.

गेल्या रविवारी आपल्या मराठी वर्गात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' कादंबरी वाचून संपली. गावानं बांधलेली तालीम कशाचं प्रतीक, असं विचारल्यावर मी फळ्यावर लिहिलं, 'एकीचं'. आमच्या शाळेत या उत्तराला पूर्ण मार्क मिळायचे. बारा वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, "काका, तालीम पडली का हो शेवटी?" मी म्हटलं, नाही. "मग गावच गेलं ना निघून? एकी कुठे राहिली?" मी फळा पुसला.

तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण पुस्तक नव्यानं वाचावं लागलं. पहिल्यांदा आपण गोष्टीसाठी वाचतो. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल हवी आणि शेजारी वही. वहीत चार रकाने: पान, तिथं कोण आहे, जागा भरलेली की रिकामी, आणि लगेच आधी काय घडलं. अर्थाचा रकाना मुद्दाम नाही. तो आधी आखला की आपण त्यात 'एकी' भरतो आणि उरलेलं पुस्तक त्याच्या मापानं कापतो. माझं तेच झालं होतं.

तालमीच्या नोंदी करताना एक गंमत दिसली. ती एकटी वाचताच येत नाही, तिच्या आधी शाळा आहे. मास्तर येतो तेव्हा शाळेत पोरं नाहीत, ती मेंढरांमागे गेलेली. मास्तर घरोघर फिरतो, मग पोरं येऊ लागतात. पुढे मोठी माणसंही येतात. कुणाचं पत्र, कुणाचं गाऱ्हाणं. म्हणजे रिकामी जागा माणसांनी भरत जाते. ही रेघ वर चढत असतानाच तालीम येते. शाळा सरकारनं दिलेली, तालीम गावानं स्वतः उभी केलेली, एवढा फरक. अंगमेहनत गावाची, आणि उद्घाटनाला खुद्द राजा.

हा राजा लेखकानं हवेतून आणलेला नाही. गाव औंध संस्थानातलं, आणि औंधचे पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे किती पुरस्कर्ते होते हे साताऱ्याच्या बाजूला सांगायला नको. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात असली तरी तेव्हा औंधचीच. त्या राज्यात गावानं देऊळ नव्हे, तालीम बांधावी हे अगदी पटतं. प्रतीक आधी खरी वस्तू म्हणून पटावं लागतं, नाहीतर ते लेखकानं चिकटवलेलं वाटतं.

मग दुष्काळ. चारा जातो, मेंढरं मरतात, मेंढरांमागे माणसं गाव सोडतात. शाळा पुन्हा रिकामी, अगदी पहिल्या दिवसासारखी. तिसऱ्या रकान्यात रिकामी, भरलेली, रिकामी असं वर्तुळ पुरं होतं. तालीम मात्र उभीच. भिंती टिकल्या, त्या बांधणारे हात गेले. त्या पोरीनं नेमकं हेच पकडलं होतं. तालीम एकीचं प्रतीक असती तर लेखकाला ती पाडावी लागली असती. ती उभी राहते म्हणूनच कळतं की गाव भिंतींत नव्हतं, पावसावर आणि गवतावर उभं होतं. १९५८ साली आलेल्या इंग्रजी अनुवादाचं नावच 'गावाला भिंती नव्हत्या' अशा अर्थाचं आहे.

इथे एक सावधगिरी. हे रकाने भरू लागलं की प्रत्येक कोकरू, प्रत्येक दगड प्रतीक वाटायला लागतो. मीही चार पानं अशी वाया घालवली. तेव्हा ती वस्तू मनातल्या मनात काढून बघावी. एखादं सकाळचं वर्णन काढलं तर पुस्तक थोडं कमी सुंदर होतं, बाकी काही बिघडत नाही. ते वर्णन. तालीम काढली तर शेवटची ओसाडी नुसती दुष्काळाची बातमी उरते. मेंढरं काढली तर गोष्टच उरत नाही, पण म्हणून ती प्रतीक ठरत नाहीत. ती तिथली पोटाची सोय आहेत. आणि वस्तू पुन्हा पुन्हा येऊनही तिची अवस्था बदलत नसेल, तर ती सवय म्हणावी.

थोडं स्पष्ट बोलू का? आपण मुलांना पुस्तकं देतो ती 'आपली संस्कृती' म्हणून, आणि उत्तरंही सोबत देतो. पुढच्या महिन्यापासून वर्गात फक्त वही द्या, चार रकान्यांची.

या सभागृहाचं भाडं आपण चौदा वर्षं भरतोय. छान जागा आहे, खुर्च्या मजबूत आहेत. आज मुलांच्या रांगेत मोजून सात जण बसलेत. ती मुलगी आज आलेली नाही, तिची फुटबॉलची मॅच आहे. तिला उत्तर सांगायचंय, पण ती पुढे काय विचारेल त्याची मला थोडी धास्ती आहे.