दिवा कुणाचा, उजेड कुणाचा

नमस्कार. मला चाळीस मिनिटं दिली होती, आत्ता वर येताना आयोजक कानात म्हणाले तीसच धरा. म्हणजे मी उभा राहायच्या आधीच दहा मिनिटं उधारीवर आहे. बघू.

ऑब्जेक्ट स्वॅप तुमच्यातले निम्मे लोक रोज करतात, त्यामुळे झटपट सांगतो. तुमचा एक बेस फोटो, त्यात नको असलेल्या वस्तूवर मास्क, म्हणजे बदलायच्या भागावर मारलेली खूण, आणि तिथे काय यायला हवं ते दाखवायला दुसरा एक फोटो, रेफरन्स. टूल त्या रेफरन्समधली वस्तू उचलून तुमच्या फोटोत बसवतं. भांडण आहे ते या दुसऱ्या फोटोचं, कारण तो बहुतेक वेळा आपला नसतो.

आता माझं रडगाणं. घरच्यांनी ते इतक्यांदा ऐकलंय की आता ते उठून जातात, तुम्ही बसलायत तर ऐका.

मी पितळी टेबल लॅम्पचा एक फोटो काढला होता. दिसायला साधा, पण पितळेचा फोटो काढून बघा एकदा, सगळी खोली त्यात दिसते, तुमच्या पोटासकट. अख्खी दुपार गेली. डावीकडे खिडकी, तिच्यावर पातळ पांढरा पडदा, उजवीकडे काळा पुठ्ठा उभा केला की कड उठून येते. लॅम्पच्या फुगीर पोटावर खिडकीचं प्रतिबिंब हवं तिथेच पडेपर्यंत मी ट्रायपॉड बोटबोटभर सरकवत होतो. काही महिन्यांनी एका फर्निचरच्या जाहिरातीत तोच लॅम्प. खोली वेगळी, टेबल वेगळं, लॅम्प मात्र ओळखीचा वाटला म्हणून झूम केलं, तर पोटावर चार तावदानांची खिडकी. आणि त्या खोलीत खिडकीच नाही! उजेड उजवीकडच्या दिव्यातून येतोय आणि लॅम्प चमकतोय डावीकडून. आणखी झूम केलं तर तावदानाच्या खाली तीन बारीक काळ्या रेघा, तो माझा ट्रायपॉड. (हशा)

मी लिहिलं त्यांना. उत्तर अगदी नम्र होतं, म्हणे आम्ही तुमचा फोटो वापरलाच नाही, फक्त रेफरन्स म्हणून घेतला आणि त्यातला लॅम्प तेवढा घेतला, लॅम्प काय तुमचा आहे का? आता खरं सांगू का, लॅम्प माझा नव्हताच, शेजाऱ्यांचा होता, मागून आणलेला. म्हणजे त्यांचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, बरोबरच होता. चूक उत्तरात होती.

कारण लॅम्पच्या आकारावर मला फोटोग्राफर म्हणून काही हक्क नाही. गोल पोट, लांब मान, वर टोपी, हे बघून कुणीही तसा लॅम्प काढावा, मी कोण अडवणार? माझा हक्क आहे तो मी केलेल्या निवडींवर, कुठला कोन, कुठून उजेड, चमक कुठे, सावली किती मऊ. गंमत अशी की टूलला यातला फरक कळत नाही. त्याला रेफरन्समधल्या वस्तूवर जे दिसतं ते सगळं वस्तूचंच वाटतं, म्हणून पोटावरची खिडकीसुद्धा त्याने नक्षी समजून इमानदारीत उतरवली. मॅट वस्तू असेल, आणि टूलने ती नव्या कोनातून नव्या उजेडात काढली असेल, तर माझं त्यात फारसं काही उरत नाही. पण काच, पितळ, पॉलिश केलेलं लाकूड असेल तर फोटोग्राफर वस्तूला चिकटून येतो. तपासायचं कसं? दोन्ही फोटो एकावर एक ठेवा, वरचा अर्धा पारदर्शक करा. कडा जुळल्या, चमक जुळली, तर आलेला आहे तो लॅम्प नाही, फोटो आहे.

आणि रेफरन्स हा शब्द म्हटला की सगळं माफ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक अमेरिकेतली केस. लिन गोल्डस्मिथ नावाच्या फोटोग्राफरने 1981 मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला. 1984 मध्ये व्हॅनिटी फेअर मासिकाने तो घेतला, कशासाठी, तर चित्रकाराला रेफरन्स म्हणून! 400 डॉलर, एकदाच वापरायचा, आणि तिचं नाव द्यायचं. चित्रकार होता अँडी वॉरहॉल. त्याने एक चित्र काढून थांबायचं की नाही, त्याने सोळा केली. 2016 मध्ये प्रिन्स गेला, मासिकाच्या मालक कंपनीने त्यातलंच दुसरं, नारिंगी चित्र छापलं, वॉरहॉलच्या फाउंडेशनला 10,000 डॉलर दिले आणि गोल्डस्मिथबाईंना शून्य, नावसुद्धा नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 2023 मध्ये सात विरुद्ध दोन असा निकाल बाईंच्या बाजूने. सोळाही चित्रांबद्दल कोर्ट बोललं नाही हां, फक्त मासिकाला छापायला दिलं त्या वापराबद्दल बोललं, की मासिकात प्रिन्सचा चेहरा हवा, हे काम तिचा फोटोही करत होता आणि हे चित्रही तेच करतंय. मला यात आवडतो तो 400 डॉलरचा कागद. म्हणजे रेफरन्सची परवानगी ही वेगळी मागायची, विकत घ्यायची गोष्ट आहे हे 1984 मध्येच सगळ्यांना माहीत होतं, टूल्स आली आणि आपण विसरलो.

किती राहिली? पाच? अहो, मुख्य भाग तर आता होता. पळवतो.

परवानगी मागायची ती फोटोग्राफरकडे, किंवा त्याने हक्क ज्याला दिलेत त्याच्याकडे. लॅम्पच्या मालकाकडे नाही, आणि तो फोटो ज्याने पुढे ढकलला त्याच्याकडे तर नाहीच. फोटोवर कॉपीराइटची खूण नाही म्हणून मोकळा समजू नका, कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातल्या देशांमध्ये फोटो काढला की हक्क आपोआप येतो, नोंदणी लागत नाही. मागताना नुसतं 'फोटो वापरू का' असं विचारलं तर तो हो म्हणेल आणि त्याच्या डोक्यात वेगळंच असेल. सरळ लिहा की यातली अमुक वस्तू काढून माझ्या फोटोत बसवणार आहे, त्यासाठी तुमचा फोटो अमुक टूलवर अपलोड करेन, तयार चित्र इथे आणि इतके दिवस दिसेल. अपलोड मुद्दाम लिहा, कारण ती स्वतःच एक कॉपी आहे, आणि बऱ्याच टूल्सच्या अटींमध्ये तुम्ही 'माझ्याकडे हक्क आहेत' असं कबूल करून बसलेले असता.

नाव दिलं म्हणजे परवानगी झाली असं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरलेल्या अटींवर सगळ्यांना वापरायला सोडलेला फोटो असेल तर लायसन्सच्या नावातली शेवटची अक्षरं बघा, `ND` असेल तर बदल करून प्रसिद्ध करता येत नाही, आणि `SA` असेल तर तुमचं चित्रही त्याच अटींवर सोडावं लागू शकतं, क्लायंटला हे आधी सांगा. वस्तूवर लोगो असेल किंवा डिझाइनची नोंदणी असेल तर तो आणखी वेगळा हक्क, फोटोग्राफरने हो म्हटल्याने तो सुटत नाही. बेस फोटो दुसऱ्याचा असेल तर हेच सगळं त्यालाही लागू.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय, वस्तू हाताशी असेल तर मोबाइलने स्वतः काढा, ढगाळ उजेडात, तीन-चार बाजूंनी. असे सपाट फोटो रेफरन्सला उलट जास्त चांगले, नको ती चमक कमी असते.

हो हो, घंटा ऐकली. लॅम्पचं काय झालं ते तेवढं सांगतो. त्यांनी माझा लॅम्प काढला आणि त्याच जागी दुसरा बसवला, चांदीचा. मी सवयीने झूम केलं. त्याच्या पोटावरही खिडकी आहे, दोन तावदानांची. ती कुणाची आहे, मी अजून शोधतोय.